वाढतं पाऊल आणि हवाहवासा स्नीकर

उंची वाढायच्या आधी पाऊल वाढतं. घरात हे आधी बुटांवरून कळतं आणि मग पँटवरून: बूट घट्ट झाल्याची तक्रार येते, त्यानंतर काही महिन्यांनी पँट घोट्याच्या वर जाते. किशोरवयात पावलाची वेगवान वाढ उंचीच्या आधी सुरू होते आणि उंचीच्या आधी थांबतेही. मुलींचं पाऊल साधारण बारा ते चौदाव्या वर्षापर्यंत, तर मुलांचं चौदा ते सोळाव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण लांबीचं होतं. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत पाऊल वर्षाला एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतं. नेमकं याच वर्षांत मूल पहिल्यांदा नाव घेऊन, रंग सांगून, फोनवर फोटो दाखवून एखादा विशिष्ट जोडा मागतं. पाऊल एका नंबरात सर्वांत कमी काळ टिकणार असतं, तेव्हाच मागणी सर्वांत महाग असते. आईवडिलांची खरी अडचण ही आहे.

एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू. समजा, आठवीतला तेरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला हवाय एअर जॉर्डन १ च्या घराण्यातला, घोट्याखाली संपणारा स्नीकर. मूळ जोडा १९८५ साली बास्केटबॉलसाठी बाजारात आला होता. आज तो खेळण्यापेक्षा मिरवण्यासाठीच जास्त घेतला जातो आणि त्याची किंमत आठ हजारांच्या आसपास किंवा पुढे असते. घरच्या हिशेबात मुलाच्या पायातल्या सगळ्या वस्तूंसाठी वर्षाला सहा हजार निघतात. जोड्याचा फोटो पाहून आई दोन वाक्यं बोलते. पहिलं, "अरे, चार महिन्यांत लहान होतील." दुसरं, "घ्यायचेच असतील तर दोन नंबर मोठे घे." पहिलं वाक्य थोडं वाढवून सांगितलेलं असलं तरी त्यात तथ्य आहे. दुसऱ्यामुळे मात्र पैसेही जातात आणि पायालाही त्रास होतो.

मुलाची हौस उथळ आहे असं मी मानत नाही. गणवेशाच्या शाळेत अंगावर स्वतःच्या आवडीचं काही घालायची सोयच नसते. संध्याकाळचा क्लास, वाढदिवस, गॅदरिंग एवढ्याच जागा उरतात आणि तिथे मित्रांचं लक्ष आधी पायाकडे जातं. आपण गटातले आहोत असं वाटणं ही तेराव्या वर्षी खरीखुरी गरज असते. तिला हसून किंवा रागावून उडवून लावलं तर पुढचं बोलणंच बंद होतं आणि मापाची गोष्ट काढायला वावच राहत नाही.

किंमत बाजूला ठेवून आधी तास मोजायला हवेत. शाळेचा काळा बूट आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा-एक तास पायात असतो, म्हणजे आठवड्याला पस्तीसच्या आसपास तास. स्नीकर पायात येतो क्लासच्या संध्याकाळी आणि रविवारी. फार झालं तर दहा-बारा तास. तरी घरातली सगळी चर्चा, रुसवाफुगवी आणि पैशांची ओढाताण होते ती या दहा तासांच्या जोड्यावरून. पस्तीस तासांचा बूट जूनच्या गर्दीत पंधरा मिनिटांत घेतला जातो आणि तोही मुद्दाम एक नंबर मोठा, दुकानातला त्यातल्या त्यात स्वस्त. पावलावर परिणाम करायचाच असेल तर तो हा काळा बूट करणार आहे. म्हणून पायाच्या बजेटवर पहिला हक्क त्याचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माप. ते घरीच घ्यावं आणि संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभर उभं राहून, चालून पाऊल थोडं फुगतं. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. एक ए-फोर कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा. मुलाने मोजा घालून, टाच भिंतीला लावून, सगळं वजन त्या पायावर देऊन उभं राहायचं. बसून घेतलेलं माप कमी भरतं, कारण वजन पडल्यावर पाऊल लांबीला आणि रुंदीला पसरतं. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून सर्वांत पुढच्या बोटासमोर रेघ मारायची. हे बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. त्यानंतर चवड्याच्या सर्वांत रुंद भागाला दोन्हीकडे खुणा करायच्या. दोन्ही पावलं मोजायची, कारण ती क्वचितच तंतोतंत सारखी असतात. हिशेब मोठ्या पावलाचा धरायचा. रेघेशेजारी तारीख लिहून कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवायचा.

पेन्सिल जरा कलली तरी दोन-तीन मिलिमीटरची चूक होते. त्यामुळे एका मापावरून वाढीचा वेग कळत नाही. दर दोन महिन्यांनी त्याच कागदावर रेघ मारत गेलं की कळतो. आपल्या मुलाचं उजवं पाऊल फेब्रुवारीत २३.९ सेंमी होतं आणि जूनमध्ये २४.३ भरलं असं धरू. चार महिन्यांत चार मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक.

हा आकडा बुटाच्या नंबराशी जोडला की चित्र स्पष्ट होतं. आपल्या दुकानांत बहुतेक ब्रिटिश नंबर चालतो. त्यातला एक नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, साधारण साडेआठ मिलिमीटर. पूर्वी तिकडे हे माप जवाच्या दाण्याच्या लांबीवरून ठरवत, म्हणून हा आकडा असा अवघड आहे. महिन्याला एक मिलिमीटर वाढणारं पाऊल आठ-नऊ महिन्यांत पूर्ण एक नंबर ओलांडतं. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे बारा मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी, जागा ठेवून बूट घेतला तर सहा महिन्यांनी त्यातली निम्मी उरते. चालताना पाऊल आत पुढेमागे सरकतं, जिना उतरताना तर जास्तच, म्हणून सहा मिलिमीटरच्या खाली जागा गेली की बोटं आपटायला लागतात. आईचे चार महिने म्हणजे खरे सहा महिने. जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीनंतर काही आठवड्यांत बदलायची वेळ येते.

मग दोन नंबर मोठा का नको? प्रत्येक बूट चवड्यापाशी वाकेल असा बनवलेला असतो, जिथे बोटं पावलाला जोडलेली असतात. बूट सतरा मिलिमीटर लांब घेतला की वाकण्याची ती जागा बोटांखाली जाते. पाऊल एकीकडे वाकतं, सोल दुसरीकडे. टाच मागे सुटी राहते आणि दर पावलाला वरखाली घासते, तिथे फोड येतो. बूट निसटू नये म्हणून मुलगा बोटं आखडून चालतो. पाऊल पुढे घसरत असल्यामुळे एवढी जागा असूनही बोटं शेवटी टोकाला जाऊन आपटतातच. वाढीसाठी अंगठ्याएवढी जागा पुरे. त्याहून जास्त जागा पैसे वाचवत नाही. दोन नंबर मोठा बूट पायाच्या मापाचा होईपर्यंत त्याचा सोल झिजलेला असतो आणि आतलं कापड टाचेपाशी फाटलेलं असतं.

लांबीइतकीच रुंदीची अडचण आहे आणि ती आपल्याकडे जास्त दिसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची त्रिमितीय मापं घेतली. भारतीय पावलं पाश्चात्त्य पावलांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून दिसलं आणि त्यावरून भारताची स्वतःची नंबरपद्धत सुचवण्यात आली. परदेशी कंपनीचा जोडा ज्या फर्म्यावर घडवतात तो बहुधा अरुंद पावलाचा असतो. लांबी बरोबर असूनही करंगळीपाशी बूट चावतो तो यामुळे. दुकानदार लगेच एक नंबर मोठा काढून देतो. त्याने करंगळी सुटते, पण टाच ढिली पडते. अशा वेळी नंबर वाढवण्याऐवजी मॉडेल बदलावं.

नंबर स्वतःही फसवा असतो. एअर जॉर्डन काढणाऱ्या नायकेचा यूके ६ आणि आदिदासचा यूके ६.५ हे दोन्ही अमेरिकन ७ नंबराचे जोडे आहेत आणि दोन्हींच्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा २५ असतो. म्हणजे 'माझा नंबर सहा' हे वाक्य कंपनी बदलली की लागू पडत नाही. बुटाची जीभ उलटून आतलं छोटं लेबल वाचावं. तिथे सेंटिमीटरमध्ये दिलेला आकडा ज्या लांबीच्या पावलासाठी जोडा बनवलाय ती लांबी सांगतो. पहिली निवड त्यावरून करावी आणि खात्री पायात घालून.

खात्री कशी करायची? "चावतंय का?" हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. महिनाभर हट्ट करून मिळवलेला जोडा पायात असताना कुठलाही तेरा वर्षांचा मुलगा "हो, चावतंय" म्हणणार नाही. म्हणून उत्तर जोड्याकडूनच काढावं. आतली पट्टी, म्हणजे इनसोल, सुटी निघत असेल तर ती जमिनीवर ठेवून मुलाला तिच्यावर उभं करा. टाच मागच्या कडेशी जुळवली की पुढे अंगठ्याएवढी पट्टी रिकामी दिसली पाहिजे आणि करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा कडेबाहेर सांडता कामा नये. सांडत असेल तर जोडा अरुंद आहे, मग दुकानदार "वापरून सैल होतो" म्हणो. कातडं थोडं सैल होतं, सोलची रुंदी वाढत नाही. पट्टी चिकटवलेली असेल तर नाडी सोडून पाऊल पुढे सरकवायला सांगा, बोटं टोकाला लागली की टाचेमागे तुमचं एक बोट सहज जायला हवं. टोकाला कडक टोपी असलेल्या स्नीकरमध्ये वरून अंगठा दाबून बोट कुठे आहे ते कळत नाही, म्हणून या दोन पद्धती. त्यानंतर नाडी नीट बांधून दुकानातल्या पायऱ्या दोनदा उतरायला लावा. टाच मागून उचलली जात असेल तर जोडा परत ठेवा. आपल्या मुलाचं पाऊल २४.३, म्हणजे आतली पट्टी साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर हवी.

माप ठरलं, आता सहा हजारांचा हिशेब. काळा शाळेचा बूट जूनमध्ये एक आणि दिवाळीनंतर एक, प्रत्येकी बाराशे धरले तर चोवीसशे. पीटीचे कॅनव्हास बूट तसेच दोनदा, पाचशेप्रमाणे हजार. चौतीसशे गेले, सव्वीसशे उरले. स्नीकरचं खरं बजेट हे एवढं आहे. आठ हजारांचा जोडा आज घेतला तर सहा महिन्यांत तो महिन्याला तेराशेहून जास्त पडतो आणि तेही आठवड्याच्या दहा तासांसाठी. तोच जोडा वाढ थांबल्यावर घेतला आणि दोन वर्षं वापरला तर महिन्याला साडेतीनशेच्या आत येतो. जोडा तोच, किंमत तीच. फरक फक्त पाऊल कधी थांबलं याचा आहे.

इथे दुकानदाराने न सांगितलेला एक मधला मार्ग आहे. या नामांकित मॉडेलची किशोरवयीन मुलांसाठीची आवृत्ती निघते. नायकेत ती अमेरिकन साडेतीनपासून सातपर्यंतच्या नंबरांत मिळते. दिसायला ती मोठ्यांच्या जोड्यासारखीच असते, किंमत मात्र बऱ्यापैकी कमी असते. आपल्या मुलाच्या पावलाला त्यातला शेवटचा, सात नंबर बसू शकेल. पण तो शेवटचा आहे. सहा महिन्यांनी मोठ्यांच्या किमतीशिवाय पर्याय उरणार नाही. आते-मामे भावंडांत एखादा दोन वर्षांनी लहान मुलगा असेल आणि जोडा त्याच्याकडे जाणार असेल, तरच हा सौदा मला पटतो. तेव्हाही टाच एका बाजूला झिजलेला जोडा पुढे देऊ नये, कारण पहिल्याच्या चालीची झीज दुसऱ्याच्या पायाखाली येते.

दुसरा मार्ग मुलगाच सुचवतो: फर्स्ट कॉपी. रस्त्यावर बारा-पंधराशेत हुबेहूब दिसणारा जोडा मिळतो. नकली माल घ्यावा का, हा प्रश्न आहेच. पायाच्या दृष्टीने अडचण अशी की त्याच्या जिभेवरचा नंबर मूळ जोड्यावरून उचललेला असतो. आतली लांबी त्याच्याशी जुळेलच असं नाही आणि बिल नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी बदलूनही मिळत नाही. मग चावला तरी तोच वापरला जातो.

सव्वीसशेत मात्र खऱ्या नावाने विकले जाणारे देशी-परदेशी कंपन्यांचे चांगले स्नीकर मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोड्यावर १८ टक्के. त्यामुळे अडीच हजारांच्या किंचित पुढचा जोडा घेताना काही पैसे नुसते करात जातात, हे ध्यानात ठेवून त्या रेषेच्या आत शोधावं. आणि इथे कामाची वाटणी करावी. रंग, आकार, नाडी, कंपनी हे सगळं मुलाचं. त्यात आईने "हा पांढरा मळेल रे" एवढंही म्हणू नये. माप मात्र कपाटातल्या कागदाचं, त्यात मुलाने बोलू नये. मोठ्या जोड्यासाठी आजपासून महिन्याला तीनशे बाजूला पडले तर सव्वादोन वर्षांत आठ हजार जमतात. तोवर मुलगा सव्वापंधरा वर्षांचा झालेला असतो आणि बहुधा त्याच्या रेघा जवळजवळ येऊ लागलेल्या असतात. "सहा महिन्यांच्या तीन रेघा एकावर एक आल्या की त्या दिवशी जाऊन घेऊ" हे वचन आईने द्यावं आणि पाळावं. नुसत्या "मोठा झालास की बघू"वर त्या वयात कुणाचाही विश्वास बसत नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी: हा जोडा खेळायला नाही. जुन्या बास्केटबॉल बुटांच्या धर्तीचे हे स्नीकर सपाट आणि जड असतात. ते घालून रोज धावणं, उड्या मारणं योग्य नाही. आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून कूर्चेने जोडलेला असतो आणि पोटरीचा स्नायू तिथेच ओढ देतो. खूप धावणाऱ्या मुलांची टाच या वयात दुखते आणि पातळ, कडक सोलने ते दुखणं वाढतं. खेळून आल्यावर मूल लंगडत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळवळत असेल, तर बूट बदलत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. यात बहुधा काळजीचं काही नसतं आणि विश्रांतीने आराम पडतो, पण निदान त्यांनी करावं.

घेतल्यानंतर लक्ष कशावर ठेवायचं? मोजे काढल्यावर बोटांच्या पेरांवर लाल वळ दिसतात का, अंगठ्याचं नख काळंनिळं होतंय का, नखाची कड मांसात रुततेय का. महिन्यातून एकदा इनसोल बाहेर काढून बघा. त्यावर बोटांचे काळपट ठसे उमटलेले असतात. ते पट्टीच्या टोकाला पोचले असतील तर बूट लहान झाला आहे, मुलाने तक्रार केली असो वा नसो. वाढत्या वयातलं पाऊल लवचिक असतं, ते लहान बुटातही निमूटपणे मावतं, म्हणून तक्रारीची वाट पाहू नये.

हाच हट्ट मुलीने धरला तर उत्तर वेगळं येऊ शकतं. तेरा वर्षांच्या मुलीचं, विशेषतः पाळी सुरू होऊन वर्ष उलटून गेलं असेल तर, पाऊल बहुतेक वेळा जवळजवळ पूर्ण वाढलेलं असतं. तिच्या कागदावरच्या रेघा एकावर एक पडत असतील, तर आठ हजारांचा जोडा तिच्या पायात दोन वर्षं सहज राहील आणि पैसे जमत असतील तर तिला तो आज घ्यायला हरकत नाही. अनेक घरांत याच्या उलट होतं. मुलाला महाग जोडा आधी मिळतो, मुलीला "कशाला एवढे?" ऐकावं लागतं. पावलांचा हिशेब मुलीच्या बाजूने आहे.

हे वाचून झाल्यावर स्नीकरच्या आधी मुलाचा शाळेचा काळा बूट उचला, इनसोल काढा आणि त्यावर त्याला उभं करा. पुढे अंगठ्याएवढी जागा दिसत नसेल, तर या महिन्याचे पहिले पैसे त्या बुटावर घाला.